दहा वर्षांच्या वाचकासाठी विज्ञानाचा परिच्छेद: लाडीगोडी न करता

मुलांच्या पुरवणीसाठी विज्ञानाचा मजकूर सोपा करून देण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय. त्यात मिळालेला सगळ्यात वाईट सल्ला म्हणजे 'अवघड शब्द काढा, वाक्यं लहान करा, थोडी गंमत घाला'. हे तिन्ही करून मी एकदा तोंडावर आपटलोय. उदाहरण त्याच परिच्छेदाचं घेतो. माठात पाणी गार का होतं, यावरचा मूळ मजकूर साधारण असा होता:

'मृत्तिकापात्राच्या सच्छिद्र भित्तिकांमधून झिरपलेल्या जलाचे बाह्य पृष्ठभागावरून बाष्पीभवन होते. बाष्पीभवनास आवश्यक असलेला अप्रकट उष्मा पात्रातील जलातून शोषला जात असल्याने त्याचे तापमान घटते.'

पहिली पायरी. मृत्तिकापात्राचा माठ करा, जलाचं पाणी करा, भित्तिकांच्या भिंती करा. पाच मिनिटांचं काम.

दुसरी पायरी. कुठला अवघड शब्द ठेवायचा ते ठरवा. इथे एकच, बाष्पीभवन. तो काढू नका. डकवर्थ-लुईसवर वाद घालणाऱ्या आणि डायनोसॉरची हातभर लांब नावं पाठ असणाऱ्या पोराला बाष्पीभवन जड जात नाही. फक्त आधी गोष्ट दाखवा, मग तिचं नाव सांगा. 'अप्रकट उष्मा' मात्र जाऊ द्या, तो पुढच्या इयत्तांत भेटेलच. त्याच्या आकड्याच्या जागी हे देता येतं: चहाचा एक चमचा पाणी उडून गेलं, तर अर्धा लिटर पाणी पाच-सहा अंशांनी गार होऊ शकतं, अर्थात बाहेरची उष्णता आत आली नाही तर.

तिसरी पायरी. इथे माझी गाडी अडली होती. माझा पहिला खर्डा असा होता: 'बालमित्रांनो, माठ म्हणजे आपला देशी फ्रिज बरं का! उन्हाळ्यात पाण्याच्या इवल्याशा थेंबांना बाहेर फिरायला जावंसं वाटतं. जाताना ते उष्णता सोबत घेऊन जातात. आहे की नाही गंमत?' छापण्याआधी पाचवीतल्या भाचीला वाचून दाखवला. ती म्हणाली, "मामा, फ्रिजला वीज लागते. माठाला काय लागतं? आणि फिरायला जाताना ते उष्णताच का नेतात?"

दोन्ही प्रश्नांना माझ्या मजकुरात उत्तर नव्हतं. 'इवल्याशा' आणि 'बरं का' हे शब्द खटकतात, पण खरा अपमान त्यांच्यात नव्हता. मी कारण काढून घेतलं होतं आणि त्या जागी लाडिक शब्द भरले होते. मोठ्यांच्या परिच्छेदात निदान 'उष्मा शोषला जातो' एवढं तरी होतं. मी तेही ठेवलं नाही आणि वर विचारलं, आहे की नाही गंमत!

म्हणून आता मी शब्दांना हात लावण्याआधी मार्जिनमध्ये 'का?' लिहीत जातो. पाणी गार का होतं? बाष्पीभवनामुळे. बाष्पीभवनाने गार का होतं? उष्णता शोषली जाते. का शोषली जाते? मूळ परिच्छेद इथे गप्प बसतो, आणि पोराचा पुढचा प्रश्न नेमका इथेच पडतो. माझा नियम असा, की मूळ मजकूर जिथे थांबतो त्याच्या एक पायरी खाली उतरायचं. एकच. त्याच्याखाली गेलात तर कण एकमेकांना का ओढतात ते सांगावं लागेल, आणि मग माठ राहील बाजूला. मजकूर लांबतो, लांबू द्या. दोन वाक्यांची सात झाली तरी चालतील.

ती खालची पायरी अशी. पाण्याचे सगळे कण सारख्या वेगाने हलत नाहीत. सगळ्यांत जोरात हलणारे सुटून हवेत जातात, मागे राहिलेल्यांचा सरासरी वेग कमी होतो, आणि कमी वेग म्हणजेच कमी तापमान. इथे उपमा हवीच असेल तर वर्गाची घ्या. सगळ्यांत उंच पाच मुलं गैरहजर राहिली, तर वर्गाची सरासरी उंची घटते, पण उरलेल्यांपैकी कुणीही बुटकं झालेलं नसतं. मात्र उपमा कुठे तुटते तेही सांगा. वर्गात नवी उंच मुलं उगवत नाहीत. पाण्यात मात्र कण आपटत राहतात, त्या धडकांतून काहींना पुन्हा वेग येतो आणि तेही निसटतात. म्हणून माठ गार होतच राहतो. हे सांगायला जागा नसेल तर उपमाच गाळा. मी गाळली.

एक ताकीद. सोपं करताना गाळलेलं चालतं, खोटं चालत नाही. 'रेणू'ऐवजी 'कण' लिहिलं, तर पुढे काही पुसावं लागत नाही. पण 'छिद्रांतून वारा आत जातो आणि पाणी गार करतो' हे मी छापलेलं वाचलंय. चाळीस अंशांचा वारा पाणी गार कसा करेल? 'माती मुळातच थंड असते' हेही तसंच. भर दुपारी अनवाणी मैदानात गेलेल्या पोराला ते पटत नाही, आणि पुढचं खरं वाक्यही मग ते संशयानेच वाचतं.

शेवटी छापायला दिलेला मजकूर हा:

'माठ भरून ठेवला की थोड्या वेळाने तो बाहेरून ओलसर लागतो. भाजलेल्या मातीत डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात आणि त्यांतून पाणी झिरपतं. पाण्याचे कण सतत हलत असतात, काही हळू, काही खूप जोरात. ते एकमेकांना धरून ठेवतात, त्यामुळे बहुतेक वेळा सगळ्यांत जोरात हलणारेच सुटून हवेत जाऊ शकतात. याला बाष्पीभवन म्हणतात. ते गेले की मागे हळू हलणारे जास्त उरतात, आणि कण जितके हळू, तितकं पाणी गार. बाहेरचा ओला थर असा गार झाला, की आतल्या पाण्याची उष्णता भिंतीतून त्याच्याकडे येते आणि आतलं पाणीही गार होतं.'

उद्गारचिन्ह एकही नाही, 'बालमित्रांनो' नाही.

चौथी पायरी. मजकूर एखाद्या मुलाला द्या आणि 'समजलं का?' विचारू नका, उत्तर 'हो'च येतं. ज्याचं उत्तर मजकुरात लिहिलेलं नाही असं काही विचारा. मी विचारलं, "चिनी मातीच्या बरणीत पाणी ठेवलं तर?" भाची म्हणाली, "ती गुळगुळीत असते. बाहेर ओली होणार नाही, मग कण सुटणार कुठून?" पावसाळ्याचं विचारलं तेव्हा मात्र ती अडली. चूक माझी होती. हवेत आधीच खूप वाफ असेल तर तिच्यातलेही कण पाण्यात परत येतात, हे वाक्य मी लिहिलंच नव्हतं. ते घातलं. मुंबईचा माठ नागपूरच्या माठाइतका का गार होत नाही, हेही त्यात आलं.

मग तिनेच विचारलं, "आमच्या शाळेतल्या माठाला बाहेरून ऑइलपेंट दिलाय. म्हणून त्यातलं पाणी कोमट असतं का?"