विकिरण दिलेल्या मिठाचा रंग समजून घेताना आणि मोजताना या चुका टाळा

पोटॅशियम क्लोराइडचा पारदर्शक स्फटिक गॅमा चेंबरमध्ये ठेवला, की तो जांभळा होऊन बाहेर येतो. साधं मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, पिवळसर तपकिरी होतं. पोटॅशियम ब्रोमाइड निळा होतो. एम.एस्सी.च्या प्रयोगशाळेत हा प्रयोग अनेक ठिकाणी होतो, आणि त्याच त्या चुका वर्षानुवर्षं जर्नलमध्ये उतरत राहतात. काही चुका समजुतीच्या असतात, काही हाताळणीच्या आणि काही निव्वळ हिशेबाच्या. पण त्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. रंग कुठून येतो हे चुकीचं समजलं, तर नमुना चुकीच्या दिव्याखाली ठेवला जातो आणि मग मोजलेला आकडाही फसवा निघतो.

रंग धातूचा नव्हे, रिकाम्या जागेचा

सर्वांत जास्त दिसणारं स्पष्टीकरण असं असतं: ‘किरणांमुळे क्लोरीन उडून जातो, सोडियम धातू सुटा होतो आणि त्याचा रंग दिसतो.’ यात दोन गोष्टी चुकतात. एक म्हणजे विकिरणात क्लोरीन स्फटिकाबाहेर जावा लागत नाही. गॅमा किरणांनी मोकळे झालेले वेगवान इलेक्ट्रॉन स्फटिकात धावताना असंख्य इलेक्ट्रॉन-होल जोड्या निर्माण करतात. होल, म्हणजे इलेक्ट्रॉन निघून गेल्याने उरलेली त्याची उणीव, एकटं राहत नाही. शेजारचे दोन क्लोराइड आयन जवळ ओढले जातात आणि होल त्या दोघांवर मिळून बसतं. अशा जोडीवर इलेक्ट्रॉन परत आला, की सुटणारी ऊर्जा नेहमीच प्रकाश म्हणून बाहेर पडत नाही. कधी कधी तिच्या धक्क्याने एक क्लोरीन आपली जागा सोडून आयनांच्या ओळीतून पुढे सरकतो आणि दुसरीकडे अडकतो. मागे उरते ती ऋण आयनाची रिक्त जागा. तिथला ऋणभार गेल्यामुळे ती भोवतालच्या सहा धन आयनांमध्ये धनभारित ठरते आणि एक इलेक्ट्रॉन पकडून ठेवते. यालाच एफ-केंद्र म्हणतात. हे चित्र डी बोर यांनी १९३७ मध्ये मांडलं. त्याआधी ग्योटिंगेनमध्ये पोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रंगांची मोजमापं बारकाईने करून ठेवली होती.

दुसरी गोष्ट सहज तपासता येते. मीठ सोडियमच्या वाफेत तापवलं तरी पिवळसर होतं आणि पोटॅशियमच्या वाफेत तापवलं तरी पिवळसरच होतं. वाफ कुठल्या धातूची यावर रंग ठरत असता, तर असं झालं नसतं. रंग ठरतो तो यजमान स्फटिकावरून, म्हणजे रिक्त जागेच्या आकारावरून. जागा मोठी असेल तर अडकलेल्या इलेक्ट्रॉनला वरच्या पातळीवर न्यायला कमी ऊर्जा लागते आणि शोषण लांब तरंगलांबीकडे सरकतं. शेजारी आयनांमधलं अंतर d आँगस्ट्रॉममध्ये घेतलं, तर मोलव्हो-आयव्ही संबंध असा आहे (λ देखील आँगस्ट्रॉममध्ये):

```
λ = 703 × d^1.84
```

पोटॅशियम क्लोराइडसाठी d सुमारे ३.१५ आहे, म्हणून उत्तर ५८० नॅनोमीटरच्या आसपास येतं. खोलीच्या तापमानाला शोषणाचं प्रत्यक्ष शिखर ५५६ ते ५६० नॅनोमीटरला दिसतं. हा संबंध अनुभवातून बसवलेला आहे, तो इतकाच जवळ येतो. शिखर नेमकं सूत्राच्या आकड्यावर नाही म्हणून उपकरणात दोष शोधत बसू नका.

याच सूत्रावरून आणखी एक गैरसमज दूर होतो. लिथियम फ्लोराइडमध्ये d जेमतेम २ आहे, त्यामुळे एफ-शोषण २५० नॅनोमीटरजवळ, अतिनील भागात येतं. स्फटिक डोळ्याला रंगहीन दिसत असला तरी त्यात भरपूर एफ-केंद्रं असू शकतात. किरणांची जास्त मात्रा दिली की तो पिवळा होतो. पण तो पिवळेपणा एकट्या एफ-केंद्रांचा नसतो. दोन एफ-केंद्रं शेजारी येऊन झालेली जोडी ४५० नॅनोमीटरजवळ शोषते, त्यामुळे तो दिसतो. म्हणून ‘रंग आला नाही, विकिरण कमी पडलं’ असं डोळ्यांनी ठरवू नका, अतिनील भागातला वर्णपट घ्या.

रंगलेला नमुना किरणोत्सारी झाला असेल, या भीतीने काही जण त्याला हात लावत नाहीत. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी मीठ किरणोत्सारी होत नाही. सांभाळायचं असतं ते दुसऱ्याच गोष्टीला.

प्रकाशात नेलेला नमुना

गॅमा चेंबरमधून स्फटिक काढला, तळहातावर घेऊन खिडकीशी नेला, सगळ्यांनी पाहिला आणि मग मोजायला ठेवला. इथेच बहुतेक वर्णपट बिघडतात. एफ-केंद्रातला इलेक्ट्रॉन प्रकाश शोषून वरच्या पातळीवर जातो. ती पातळी वहन पट्ट्याच्या इतकी जवळ असते, की खोलीच्या तापमानाची उष्णताच त्याला मोकळा करायला पुरते. मोकळा झालेला इलेक्ट्रॉन एक तर दुसऱ्या एफ-केंद्रात जाऊन बसतो आणि तिथे दोन इलेक्ट्रॉन होतात, किंवा एखादं अडकलेलं होल गाठून त्यात विरून जातो. दुसऱ्या प्रकारात रंग कायमचा जातो.

धातूच्या वाफेत रंगवलेल्या आणि किरणांनी रंगवलेल्या स्फटिकांत नेमका इथे फरक पडतो. वाफेत रंगवलेल्या स्फटिकात होल नसतात, त्यामुळे प्रकाशाने केंद्रं नष्ट न होता एकमेकांना चिकटून जोड्या आणि त्रिकुटं बनतात. स्फटिक पुन्हा तापवून झटकन थंड केला, की एफ-केंद्रं बऱ्याच अंशी परत मिळतात. किरणांनी रंगवलेल्या स्फटिकात होल शेजारीच वाट पाहत असतात. तो तापवाल तर रंग आणखीच जाईल. वाफेत रंगवलेल्या नमुन्याचा उपाय किरणांनी रंगवलेल्याला लावणं ही नेहमीची चूक आहे.

पोटॅशियम क्लोराइडच्या वर्णपटात ८०० ते ८३० नॅनोमीटरच्या पट्ट्यात लहान उंचवटा दिसत असेल आणि ५५६ चं शिखर अपेक्षेपेक्षा बुटकं असेल, तर नमुन्याला उजेड लागल्याची शंका घ्या. तो उंचवटा केंद्रांच्या जोड्यांचा आहे. मात्र जास्त मात्रेतही तो येतो. म्हणून एक तुकडा मुद्दाम उजेडात ठेवून तुलना करा.

उपाय सोपा आहे. नमुना ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळूनच विकिरणाला द्या आणि मंद लाल दिव्याखाली उघडा. पण लाल दिवा सगळ्यांना चालत नाही. मिठाचं शोषण ४६० नॅनोमीटरजवळ असल्याने लाल प्रकाश त्याला जवळजवळ लागतच नाही. पोटॅशियम क्लोराइडला गडद लाल आणि थोडा वेळ चालतो. पोटॅशियम ब्रोमाइडचं शिखर मात्र ६३० नॅनोमीटरजवळ, म्हणजे लाल रंगातच आहे. त्याच्यासाठी लाल दिवा म्हणजे थेट रंग उडवणारा दिवा. तो अंधारातच चाचपडून धारकात बसवावा लागतो, त्यामुळे धारकाची जागा आधी हाताला सरावाची करून घ्या.

आपल्याकडे कोकणात पावसाळ्यात आणखी एक अडचण येते. हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या पुढे गेली, की मीठ हवेतलं पाणी ओढून ओलं होऊ लागतं. पृष्ठभाग धुरकट होतो, प्रकाश विखुरतो आणि सगळा वर्णपट वर उचलला जातो, लघु तरंगलांबीकडे जास्त. असं दिसलं तर पुसत बसू नका. स्फटिक ज्या सपाट प्रतलावर सहज चिरतो, तिथे ब्लेडने पातळ चकती उडवून ताजा पृष्ठभाग घ्या आणि जाडी पुन्हा मोजा.

केंद्रं मोजताना हिशेब कुठे घसरतो

घन सेंटिमीटरमध्ये किती केंद्रं आहेत हे स्माकुला यांच्या सूत्रावरून काढतात:

```
N × f = 0.87×10^17 × [n/(n²+2)²] × α × W
```

α हा शिखरावरचा शोषण गुणांक, प्रति सेंटिमीटर. W म्हणजे अर्ध्या उंचीवरची रुंदी, इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये. n हा अपवर्तनांक आणि f ही दोलक-तीव्रता, जी पोटॅशियम क्लोराइडसाठी सुमारे ०.८५ घेतात.

समजा, स्फटिक १.५ मिलिमीटर जाड आहे. विकिरणानंतर ५५६ नॅनोमीटरला अवशोषणांक ०.७२ आला आणि त्याच स्फटिकाचा विकिरणाआधीचा आकडा ०.०८ होता. हा ०.०८ मुख्यतः दोन पृष्ठभागांवरच्या परावर्तनाचा आणि ओरखड्यांचा आहे, म्हणून तो वजा करायचा. उरले ०.६४. उपकरण १० च्या पायाचा लॉगॅरिदम देतं, सूत्राला नैसर्गिक लॉगॅरिदम हवा, म्हणून २.३०३ ने गुणा आणि सेंटिमीटरमधल्या जाडीने, म्हणजे ०.१५ ने भागा. α आला ९.८. हा २.३०३ विसरला की केंद्रांची संख्या निम्म्याहूनही कमी निघते, आणि उत्तर अगदीच वेडंवाकडं दिसत नसल्यामुळे चूक लक्षात येत नाही.

रुंदीत तर हमखास गोंधळ होतो. अर्ध्या उंचीवर वर्णपट ५१४ आणि ६०१ नॅनोमीटरला छेदला, असं धरू. फरक ८७ नॅनोमीटर. काही जण सरळ १२४० ला ८७ ने भागतात आणि १४ इलेक्ट्रॉन व्होल्ट लिहून मोकळे होतात. तसं नाही. दोन्ही टोकं आधी वेगवेगळी बदलायची: १२४०/५१४ म्हणजे २.४१ आणि १२४०/६०१ म्हणजे २.०६. फरक ०.३५. खोलीच्या तापमानाला पोटॅशियम क्लोराइडची रुंदी एवढीच असते, त्यामुळे तुमचं उत्तर याच्या दुप्पट आलं तर शिखराखाली दुसरं काही लपलेलं आहे का ते पाहा.

n ला १.४९ घेतला, की N येतो सुमारे ३×१०^१६. एका घन सेंटिमीटरमध्ये क्लोराइड आयन १.६×१०^२२ असतात. म्हणजे सुमारे साडेपाच लाख आयनांत एक रिक्त जागा, आणि तेवढ्यानेही स्फटिक चांगला जांभळा दिसतो. शिखर अवशोषणांक २ च्या वर जात असेल तर आकड्यावर भरवसा ठेवू नका, कारण उपकरणातला भटका प्रकाश शिखर कापून सपाट करतो. अशा वेळी स्फटिक चिरून पातळ करा. मात्रा दुप्पट केली म्हणजे N दुप्पट होईल, असंही धरू नका. सुरुवातीला रंग भराभर चढतो, मग मंदावतो, आणि तो किती चढेल हे अशुद्धींवर बरंच अवलंबून असतं. दोन कंपन्यांचे स्फटिक एका आलेखावर मांडू नका.

निळं मीठ वेगळं

खाणीत कधी कधी गडद निळं सैंधव सापडतं, आणि ते पाहून ‘मिठातली एफ-केंद्रं निळी’ असं लिहिलं जातं. मिठाची एफ-केंद्रं निळा प्रकाश शोषतात, म्हणून त्यांनी मीठ पिवळसर दिसतं. निळा रंग येतो तो केंद्रं एकत्र येऊन बनलेल्या सोडियमच्या अतिसूक्ष्म धातुकणांमुळे. इथे धातू खरोखर आहे. शंका असेल तर नमुना द्रव नायट्रोजनच्या तापमानाला नेऊन पुन्हा वर्णपट घ्या. एफ-पट्टा अरुंद होतो आणि लघु तरंगलांबीकडे सरकतो, कारण त्याची रुंदी भोवतालच्या आयनांच्या कंपनांमुळे असते. धातुकणांचा पट्टा जवळपास होता तसाच राहतो.