काउंटरने मोजलेला पाचवा ठोका

चिप डिझाइनच्या नोकरीला लागून मला दोन महिने झाले होते. हातात आलेला ब्लॉक लहानसा होता. सेन्सरकडून डेटा आला की चार क्लॉकपुरतं जागं व्हायचं आणि एरवी झोपून राहायचं, असा एक काउंटर. झोपलेल्या काउंटरला क्लॉक देत राहिलं तर वीज फुकट जाते, म्हणून क्लॉक गेटिंग करायला मी क्लॉकच्या वाटेत सरळ एक अँड गेट टाकलं.

```verilog
assign gclk = clk & en;
```

`en` शून्य असेल तर क्लॉक बंद, एक असेल तर चालू. सिम्युलेशन चालवलं तर काउंटर चारऐवजी पाचवर थांबला. वेव्हफॉर्म उघडून `gclk` चे ठोके मोजले, तर ते चारच दिसत होते. ठोके चार आणि मोजणी पाच! मी दिवसभर काउंटरच्या कोडमध्ये चूक शोधत बसले. तिथे चूक नव्हतीच.

संध्याकाळी टीममधल्या एका अनुभवी मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, "`en` ला थोडा डिले दे आणि परत बघ. खऱ्या चिपमध्ये शून्य वेळात काही होत नाही." मी एवढाच बदल केला:

```verilog
`timescale 1ns/100ps

always @(posedge clk)
  en <= #1.2 en_next;
```

क्लॉक १०० मेगाहर्ट्‌झचा होता, म्हणजे १० नॅनोसेकंदांचा एक फेरा. पहिले ५ वर, पुढचे ५ खाली. `en` हा चढत्या एजवर चालणाऱ्या फ्लॉपमधून येत होता, म्हणून तो एजनंतर १.२ नॅनोसेकंदांनी बदलत होता. आता चित्र स्पष्ट झालं. `en` वर गेला तेव्हा क्लॉक आधीच वर होता, त्यामुळे `gclk` चा पहिला ठोका उशिरा सुरू झाला आणि फक्त ३.८ नॅनोसेकंद टिकला. पुढचे तीन ठोके पूर्ण ५ नॅनोसेकंदांचे होते. शेवटी `en` खाली यायच्या वेळी क्लॉक पुन्हा वर गेला, `gclk` ही त्याच्यासोबत वर गेला आणि १.२ नॅनोसेकंदांत `en` ने त्याला खाली ओढलं. हा बारीक काटा म्हणजेच पाचवा ठोका.

डिले नसताना तो दिसत का नव्हता? सिम्युलेटर त्याच क्षणात आधी `clk` वर नेतो, `gclk` वर जातो, काउंटर जागा होतो, आणि मग त्याच क्षणात `en` शून्य होऊन `gclk` खाली येतो. शून्य रुंदीचा ठोका चित्रात उमटत नाही, पण काउंटरला तो मिळालेला असतो. म्हणून वेव्हफॉर्म आणि मोजणी जुळत नसेल तर सगळ्यात आधी क्लॉकच्या वाटेत कोणी गेट टाकलंय का ते बघा.

सिम्युलेशनमध्ये निदान पाच हा नेमका आकडा तरी मिळतो. सिलिकॉनमध्ये तेवढंही मिळत नाही. प्रत्येक फ्लॉपला ठोक्याची एक किमान रुंदी लागते. काटा त्या मर्यादेच्या आसपास असेल तर काउंटरचे काही बिट तो पकडतील, काही पकडणार नाहीत. `0111` वरून `1000` वर जाताना चारही बिट बदलायचे असतात. त्यातला एक जरी मागे राहिला तरी भलताच आकडा तयार होतो. तापमान किंवा व्होल्टेज बदललं की तोही बदलतो.

शिवाय `en` फ्लॉपमधून थेट न येता मध्ये तुलना करणारं लॉजिक असेल, तर स्थिर होण्याआधी तो दोन-तीनदा फडफडू शकतो. डेटाच्या वाटेवर ही फडफड चालते, कारण फ्लॉप पुढच्या एजलाच बघतो आणि तोवर सगळं शांत झालेलं असतं. क्लॉकच्या वाटेवर मात्र प्रत्येक फडफड ही एक नवी एज असते. हा फरक मला कॉलेजात कोणी सांगितला नव्हता, आणि सगळ्या गोष्टीचं मूळ इथेच आहे.

म्हणजे `en` बदलायला हरकत नाही, फक्त क्लॉक वर असताना तो अँड गेटपर्यंत पोहोचता कामा नये. हे काम लॅच करतो:

```verilog
always @*
  if (!clk) q <= en;

assign gclk = clk & q;
```

क्लॉक खाली असताना लॅच उघडा असतो, वर गेला की बंद. एजनंतर १.२ नॅनोसेकंदांनी बदललेला `en` दारात थांबतो. ५ व्या नॅनोसेकंदाला क्लॉक खाली येतो, लॅच उघडतो, `q` बदलतो. पण तेव्हा अँड गेटचा दुसरा पाय शून्यावर असल्यामुळे `gclk` जागचा हलत नाही. पुढच्या एजला पूर्ण ठोका निघतो. शेवटीही तसंच: `en` खाली आला तरी `q` चालू ठोका पुरा होईपर्यंत `1` वरच राहतो. मोजले, चार ठोके, चारही पाच-पाच नॅनोसेकंदांचे, आणि काउंटर चारवर. "लॅच दिसला की चूक समजा" असं आपल्याला शिकवलेलं असतं. चुकून तयार झालेल्या लॅचबद्दल ते खरं आहे, हा मुद्दाम ठेवलेला आहे.

मी मॅडमना विचारलं, "लॅचऐवजी उतरत्या एजचा फ्लॉप टाकला तर चालणार नाही का?" चालतो, पण मग `en` ला ५ नॅनोसेकंदांच्या आत पोहोचावं लागतं. लॅच मात्र ५ पासून १० पर्यंत उघडाच असतो, त्यामुळे `en` पुढच्या एजच्या थोडं आधीपर्यंत आला तरी चालतं. लॉजिक मोठं असेल तर ही अर्ध्या फेऱ्याची सवलत फार मोलाची.

टायमिंगच्या रिपोर्टमध्ये ही चूक `clock gating hold` या नावाने दिसते. माझ्या नुसत्या अँड गेटसाठी हिशोब असा: `en` निदान ५ नॅनोसेकंदांपर्यंत स्थिर हवा, तो १.२ ला बदलतो, म्हणून स्लॅक, म्हणजे हातात उरलेला वेळ, उणे ३.८. नवखा माणूस इथे `en` च्या वाटेत बफर घालून ३.८ भरून काढायला जातो. तसं करू नका. चिप सगळ्यात वेगाने चालते त्या फास्ट कॉर्नरला बफरांसकट `en` ची ती वाट ५ नॅनोसेकंद घेत असेल, तर स्लो कॉर्नरला तीच १० च्या पलीकडे जाऊ शकते, आणि मग `en` पुढच्या एजच्या आधी पोहोचत नाही, म्हणजे सेटअप तुटतो.

लॅच आणि अँड गेट सुटे जोडण्याचा मोहही टाळा. ते दोघे चिपवर एकमेकांपासून लांब बसले आणि लॅचला क्लॉक आधी खाली आलेला दिसला, तर अँड गेटकडे क्लॉक अजून वर असतानाच `q` बदलतो आणि काटा परत येतो. म्हणून लायब्ररीत दोन्ही एकाच सेलमध्ये बांधलेले मिळतात, त्याला इंटिग्रेटेड क्लॉक गेटिंग सेल, थोडक्यात आयसीजी म्हणतात. त्याला बहुधा टेस्टचा एक जादा पायही असतो. स्कॅनच्या, म्हणजे चिपच्या चाचणीच्या, वेळी तो एक केला की बंद असलेल्या फ्लॉपनाही क्लॉक मिळतो. कोडमध्ये आपण `if (en) cnt <= cnt + 1;` एवढंच लिहायचं, क्लॉक गेटिंग करायला सांगितलं की सिंथेसिस टूल आयसीजी स्वतः बसवतं. एफपीजीएवर सराव करत असाल तर फ्लॉपचा क्लॉक एनेबल वापरा, किंवा झायलिंक्सच्या बोर्डावर `BUFGCE`.

घरी करून बघताना `#1.2` वर थांबू नका. `#4.9` आणि `#7.4` हेही घालून बघा. ४.९ ला नुसत्या अँड गेटचा पहिला ठोका ०.१ नॅनोसेकंदाचा होतो आणि मोजणी पाचच येते. ७.४ ला मात्र `en` क्लॉक खाली असताना बदलतो, म्हणून नुसतं अँड गेटही नेमके चार ठोके देतं. मी पहिल्याच दिवशी ७.४ घातलं असतं तर तो ब्लॉक तसाच पुढे पाठवला असता. लॅच लावलेल्या सर्किटला तिन्ही वेळा चारच मिळतात.