फायबर कमी पडणार होतं, ते कसं सावरलं

जमिनीवरचा स्लॅब 20 मीटर बाय 12 मीटर, जाडी 150 मिमी. म्हणजे 36 घनमीटर. डिझाइनमध्ये स्टील फायबर, म्हणजे काँक्रीटमध्ये मिसळायचे स्टीलचे बारीक तुकडे, घनमीटरला 25 किलो, म्हणून 900 किलो, 20 किलोच्या 45 पिशव्या मागवल्या.

ओतण्याच्या आदल्या दिवशी सहज दोरी ताणून खोली मोजली. खालचा भराव खोलगट निघाला. सरासरी 165 मिमी. काँक्रीट 39.6 घनमीटर, फायबर 990 किलो. शेवटचे 3.6 घनमीटर फायबरविनाच गेले असते! उरलेलं पातळ पसरवणं हा उपाय नव्हे, मात्रा डिझाइनची असते. आणखी पाच पिशव्या मागवल्या.

दुसरी चूक मात्र माझीच. 6 घनमीटरच्या गाडीला 150 किलो, म्हणजे साडेसात पिशव्या लागतात. पहिल्या गाडीत सातच टाकल्या. शंका आली म्हणून 10 लिटर ताजं काँक्रीट धुऊन चुंबकाने फायबर वेचलं: 250 ऐवजी 232 ग्रॅम. एका नमुन्यावर फार विसंबू नये, पण हिशेब जुळत होता. गाडी रिकामी व्हायच्या आत उरलेलं मोजून घातलं आणि ड्रम पुन्हा नीट फिरवला. पुढे अर्धी पिशवी काट्यावर तोलूनच टाकली.