लॅपटॉप माझा, रात्र माझी, मग कोड कोणाचा? या चुका टाळा

इंदूरमध्ये नवीन पोरं भेटली की एकच वाक्य ऐकतो, काका, लॅपटॉप माझा, काम रात्री घरी केलं, मग कंपनीचा काय संबंध? अरे, कायदा आधी लॅपटॉप बघतच नाही. कॉपीराइट अ‍ॅक्ट 1957 च्या कलम 17(c) मध्ये प्रश्न असा आहे की काम नोकरीचा भाग म्हणून केलं का. तसं असेल आणि वेगळा करार नसेल तर कोडची पहिली मालक कंपनीच. लॅपटॉप आणि वेळ हे फक्त त्या प्रश्नाचे पुरावे. आणि त्याच्याही वर तुम्ही सही केलेला कागद.

माझ्या मावसभावाचं हेच झालं. त्याची कंपनी ट्रान्सपोर्टवाल्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायची, आणि हा पठ्ठ्या रात्री जागून ट्रान्सपोर्ट नगरच्या एका ओळखीच्यासाठी बिल्टीचं अ‍ॅप लिहीत बसला. सात-आठ महिने, सगळं घरच्या मशीनवर. राजीनामा दिला तेव्हा एचआरने ऑफर लेटर पुढे ठेवलं. त्यात सरळ लिहिलेलं, नोकरीच्या काळात, ऑफिसच्या वेळेत किंवा बाहेर, कंपनीच्या धंद्याशी संबंधित जे बनवाल ते कंपनीचं. त्याने वाचलंच नव्हतं. त्यात ऑफिसमधली गिटची सेटिंग घरी कॉपी केलेली, म्हणून प्रत्येक कमिटवर ऑफिसचा ईमेल! शेवटी रिलीव्हिंग लेटरसाठी अ‍ॅपचे हक्क कंपनीला लिहून दिले. तेच त्याने वधू-वर सूचक मंडळाचं अ‍ॅप केलं असतं तर 'धंद्याशी संबंधित' हे शब्द लागू करणं कंपनीला फार जड गेलं असतं.

म्हणून मी नवीन रेपोत पहिल्या कमिटच्या आधी यातली पहिली कमांड बघतो, आणि आधीच कमिट असलेल्या रेपोत दुसरीही, तुम्हीही बघा:

```
git config user.email
git log --format='%ae' | sort -u
```

पहिल्यात ऑफिसचा पत्ता दिसला तर तिथेच बदला. जुन्या कमिटमध्ये असेल आणि भांडण सुरू झालं असेल तर हिस्ट्रीला हात लावू नका, पुरावा मिटवल्यासारखं दिसतं.

दुसरी चूक, तोंडी परवानगी. मॅनेजर चहावर म्हणतो हो कर कर, आणि सहा महिन्यांनी तोच दुसऱ्या कंपनीत. मी एचआरला ईमेल टाकतो, काय बनवतोय ते दोन ओळीत, आणि उत्तर लेखी येईपर्यंत सुरू करत नाही. पोरांना एवढा धीर नसतो, वीकेंडला लाँच करायचं असतं.

जॉइन होण्याआधीचं जुनं काम ऑफर लेटरला यादी म्हणून जोडून घ्या, सहीच्या आधी.

पेटंटचं वेगळं आहे. पेटंट अ‍ॅक्ट 1970 मध्ये नोकरदाराच्या शोधासाठी वेगळं कलमच नाही, अर्ज खरा शोधकर्ता करतो किंवा ज्याला त्याने हक्क लिहून दिला तो. पण ते लिहून देणं बहुतेकदा त्याच ऑफर लेटरमध्ये, तिसऱ्या-चौथ्या पानावर, आधीच झालेलं असतं.