रिटेनरच्या करारात दोन वाक्यं आधीच घालून घ्या

दोन-तीन वर्षांचा रिटेनर मिळाला की दरमहा ठरलेली रक्कम येते, पण भाडं, सॉफ्टवेअर, वीज महाग होत जातं आणि मानधन तिथंच राहतं. सही करण्याआधी एवढं करा:

१. दरवाढ आपोआप लागू होईल असं लिहा: ‘दर वर्षी १ एप्रिलपासून मासिक मानधन आधीच्या रकमेवर ८ टक्क्यांनी वाढेल.’ ४०,००० चे दुसऱ्या वर्षी ४३,२०० आणि तिसऱ्या वर्षी ४६,६५६ होतात. ‘परस्पर संमतीने वाढ’ असा मसुदा आला तर तो बदलून मागा. ती संमती मिळता मिळता वर्ष सरतं.

२. पैशांची मुदत बिलाच्या तारखेपासून मोजा, ‘बिल मंजूर झाल्यापासून’ नको. मंजुरी ग्राहकाच्याच हातात असते, आणि बिल टेबलावर पडून राहिलं तर मुदत सुरूच होत नाही. लिहा: ‘बिलाच्या तारखेपासून १५ दिवसांत पैसे न आल्यास थकबाकीवर दरमहा दीड टक्का व्याज, ३० दिवसांनंतर काम थांबवण्याचा हक्क.’ व्याज बहुतेक जण देत नाहीत, काम थांबतंय म्हटल्यावर मात्र अकाउंट्सचा फोन येतो.

३. उद्यम नोंदणी करा, ती मोफत आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदणी असेल, तर २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार करारातली मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही.

सावधान: नोंदणी काम सुरू होण्याआधीच करा. पैसे अडकल्यावर केलेली नोंदणी जुन्या बिलांना उपयोगी पडेलच असं नाही.