अठरा पूर्ण झाल्यावर अडलेले खाते : पालकत्वाच्या प्रमाणपत्रातील या चुका टाळा

सातबाऱ्यावर लहान मुलाच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता असा शेरा असतो आणि मूल सज्ञान झाले की तो कमी करून घ्यावा लागतो, हे मराठवाड्यातील बहुतेक शेतकरी कुटुंबांना माहीत असते. बँकेतील अज्ञान खात्यालाही हाच नियम लागू आहे. तरीही मुलाला बौद्धिक अक्षमता असली की घरचे असे धरून चालतात की, तो कायम लहानच असल्यामुळे आईबापाची सही कायम चालेल. कायद्याच्या दृष्टीने तो अठराव्या वाढदिवसाला सज्ञान होतो आणि त्याच दिवशी आईबापांचा नैसर्गिक पालक म्हणून असलेला अधिकार संपतो. बँकेत अनेक वर्षे काउंटरच्या आतल्या बाजूला बसून मी जी प्रकरणे पाहिली, त्यांतील बहुतेकांची सुरुवात याच गैरसमजातून झाली होती.

औसा तालुक्यातील एका प्रकरणातून हे समजून घेता येईल. वडील वारल्यावर विम्याचे चार लाख रुपये अकरा वर्षांच्या मुलाच्या खात्यात जमा झाले आणि त्यांतील तीन लाखांची मुदतठेव केली गेली. खात्यावर पालक म्हणून आईचे नाव होते. मुलगा अठरा वर्षांचा झाला, तेव्हा बँकेने खात्यातून पैसे काढणे थांबवले. जमा मात्र होत राहिली. मुदतठेव आपोआप नूतनीकरण होत असल्याने अडचण आईच्या लगेच लक्षात आली नाही. मुलाच्या औषधासाठी वीस हजार रुपये काढायला ती गेली, तेव्हा तिला खाते अडल्याचे कळले.

येथे पहिली चूक घडली. ओळखीच्या एका माणसाने सुचवले की मुलाचा अंगठा घ्यावा, दोन साक्षीदार करावेत, म्हणजे काम होईल. अंगठ्याची आणि साक्षीदारांची सोय अशा खातेदारांसाठी आहे, ज्यांना व्यवहार समजतो पण हात चालत नाही, म्हणजे आजारी, लकवा झालेले किंवा थरथरणाऱ्या हाताचे. व्यवहाराचा अर्थच ज्याला समजत नाही, त्याने केलेला करार भारतीय करार कायदा, 1872 नुसार वैध ठरत नाही. असा अंगठा बँकेने स्वीकारला, तरी पुढे एखाद्या भाऊबंदाने हरकत घेतल्यास आईच अडचणीत येते.

दुसऱ्या खेपेस आई दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड घेऊन आली. ही कागदपत्रे मुलाला कोणती अक्षमता आहे आणि ती किती टक्के आहे, एवढेच सांगतात. त्याच्या वतीने सही कोणी करायची, हे सांगत नाहीत. तो अधिकार पालकत्व प्रमाणपत्रातून मिळतो. राष्ट्रीय न्यास अधिनियम, 1999 खाली जिल्ह्यातील स्थानिक स्तर समिती हे प्रमाणपत्र देते. समितीत जिल्हाधिकारी किंवा त्या दर्जाचे अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असे तीन सदस्य असतात. हा मार्ग स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात म्हणजेच सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार स्थितींपुरता आहे.

अर्ज करताना सर्वाधिक वेळ नावांतील तफावतीमुळे जातो. या मुलाच्या पासबुकावर घरी हाक मारण्याचे नाव होते, आधारवर शाळेचे नाव होते आणि दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रात आडनावाची वेलांटी चुकली होती. समितीपुढे जाण्याआधी हे दुरुस्त केले नाही, तर प्रमाणपत्र त्याच चुकीसह निघते आणि बँक ते परत करते. समितीची बैठक साधारणपणे तीन महिन्यांतून एकदा होत असल्याने एका अक्षरापायी पुढची बैठक येईपर्यंत थांबावे लागते.

अर्जातील दुसरी उणीव अधिक नुकसान करणारी आहे. पालकत्व कशासाठी हवे, याचाही विचार समिती करते. आईने अर्जात ‘सांभाळ व देखभाल’ एवढेच लिहिले होते, त्यामुळे प्रमाणपत्रातही तेवढेच उतरले आणि मालमत्तेचा उल्लेख राहून गेला. बँकेने ते नाकारले, आणि माझ्या मते बँकेचे चुकले नाही. अर्जातच ‘व्यक्ती आणि मालमत्ता’ असे दोन्ही लिहून खाते क्रमांक, मुदतठेव आणि शेतजमिनीतील हिस्सा यांचा स्पष्ट उल्लेख करावा. आई-वडील दोघेही हयात असतील, तर त्यांना संयुक्त अर्ज करता येतो आणि तो तसाच करावा, कारण एकट्या वडिलांचे नाव असेल आणि तेच आधी गेले, तर आईला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

योग्य प्रमाणपत्र हाती असूनही काही शाखा न्यायालयाचा आदेश मागतात. अशा वेळी वाद घालण्यापेक्षा लेखी अर्ज द्यावा आणि त्यात नमूद करावे की, स्थानिक स्तर समितीच्या प्रमाणपत्रावर बँकांनी विसंबून राहावे, असे रिझर्व्ह बँकेने 2007 मध्येच कळवले आहे. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा नकार आला, तर `cms.rbi.org.in` येथे लोकपालाकडे तक्रार करता येते.

वृद्धांच्या बाबतीत हा मार्ग उपयोगी पडत नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या वडिलांसाठी मुलगा समितीकडे जातो आणि रिकाम्या हाताने परततो, कारण स्मृतिभ्रंश त्या चार स्थितींत मोडत नाही. वडिलांनी पूर्वी मुखत्यारपत्र करून दिले आहे, असे तो सांगतो. पण करार कायद्याच्या कलम 201 नुसार ते देणाऱ्याची समज गेली की मुखत्यारीही संपते, म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच तो कागद निरुपयोगी होतो. वारसनोंद असली, म्हणजे नॉमिनेशन केलेले असले, तरी खातेदार हयात असेपर्यंत त्याने काहीही अधिकार मिळत नाही. अशा प्रकरणांत न्यायालयात जावे लागते. बेशुद्धावस्थेतील किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तींसाठी उच्च न्यायालये रिट अधिकारात पालक नेमत आली आहेत आणि मराठवाड्यासाठी ते न्यायालय म्हणजे छत्रपती संभाजीनगर येथील खंडपीठ होय. याचिकेत प्रत्येक खाते आणि प्रत्येक ठेव पावती क्रमांकासह द्यावी, कारण आदेशात नसलेल्या ठेवीला बँक हात लावू देत नाही. निवृत्तिवेतनाचे खाते यात अनेकदा विसरले जाते.

औशाच्या त्या आईला दुरुस्त प्रमाणपत्र मिळाले, खाते मुलाच्या नावावरच राहिले आणि कायदेशीर पालक म्हणून तिची सही नोंदली गेली. त्यानंतर तिने घाईने सगळी रक्कम स्वतःच्या खात्यात वळवण्याची तयारी केली. हेतू वाईट नव्हता, तिला घरापासून जवळची शाखा हवी होती एवढेच. पण पैसा मुलाचा आहे आणि पालकाला त्याचा हिशेब द्यावा लागतो. नेमणुकीपासून सहा महिन्यांत मालमत्तेची यादी समितीकडे द्यायची असते. त्यानंतर दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत, म्हणजे 30 जूनपर्यंत, जमाखर्च आणि शिल्लक सादर करायची असते. दोन खात्यांचे पैसे एकत्र मिसळले की हा हिशेब जुळत नाही, आणि गैरवापर सिद्ध झाला तर पालकाला हटवता येते. तिने मुलाच्या नावे जवळच्या शाखेत खाते हलवून घेतले आणि औषध, प्रवास, कपडे यांच्या पावत्या एका वहीत तारखेनुसार चिकटवायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी तिने समितीला दिलेला हिशेब दीड पानाचा होता.