75 टक्के हजेरी बसते का, हे असं काढलं

भाचीची हजेरी 60 पैकी 41 दिवस, म्हणजे 68 टक्के, घरात सगळ्यांना टेन्शन. टर्म संपेपर्यंत कॅलेंडरवर रविवार सोडून अजून 36 दिवस दिसत होते, पण त्यात 3 डिसेंबरचं गोंयच्या सायबाचं फेस्त, 19 डिसेंबरचा गोवा मुक्तिदिन आणि कॉलेजच्या नोटिशीतल्या बाकीच्या सुट्ट्या मिळून 6 गेले, उरले 30. मग एकूण 90 चे 75 टक्के म्हणजे 67.5, हे वरच धरायचं, 68. त्यातून 41 वजा, 27 हवेत, म्हणजे फक्त 3 दांड्या चालतील. सुट्ट्या वजा न करता मोजलं तर 5 दांड्या चालतील असं वाटतं, आणि तेवढ्या मारल्या तर 73 टक्क्यांवरच अडकायला होतं! विषयवार हजेरी धरत असतील तर मात्र दिवस नको, टाइमटेबल बघून लेक्चर मोजा.